लग्नाच्या वाढदिवसाची चिठ्ठी

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारानंतर जोडीदाराला चिठ्ठी लिहायला बसलं की पहिली ओळ हमखास उसनी येते: 'तुझ्यामुळे आयुष्य सुंदर झालं.' ती कुणाच्याही घरात चालेल, म्हणूनच खोडावी. त्याऐवजी रोज घडलेली, पण कधी बोलून न दाखवलेली एखादी गोष्ट शोधावी. काय केलं ते नेमकं लिहिलं की 'खूप केलंस' म्हणावं लागत नाही.

समजा, एक निवृत्त एसटी चालक बायकोला लिहितोय:

'पहाटेची गाडी असली की तू साडेतीनला उठून डबा करायचीस. मी कधी 'राहू दे' म्हटलं नाही. २०२१च्या संपात पगार थांबला, तेव्हा तू शिवणकाम वाढवलंस आणि माहेरी काही कळू दिलं नाहीस. आता सकाळचा चहा मी करतो. साखर जास्त पडते, तरी तू पितेस.'

चुकल्याची कबुली इथे एकाच वाक्यात आहे. ती लांबली असती तर चिठ्ठी बायकोची न राहता त्याची स्वतःची झाली असती. साखरेच्या ओळीने अवघडलेपणही जातं.

हाक घरातलीच ठेवावी. जन्मभर 'अहो' म्हणणाऱ्या बाईने एकदम 'प्रिय' लिहिलं, तर दोघंही संकोचतात. सासरची जुनी भांडणं, राहिलेले हिशेब आजच्या दिवशी नकोतच. आणि कृपा करून चिठ्ठीचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये; मग ती आत्या-मावश्यांसाठी लिहिली जाते.