समासातल्या शेऱ्यांचा अहवाल होताना

शोधनिबंध छापायचा की नाही हे ठरवण्याआधी नियतकालिकाचे संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. हे परीक्षक निबंध वाचताना समासात जे खरडतात ते फक्त स्वतःसाठी असतं: ‘कशावरून?’, ‘आकडे जुळत नाहीत’, कधी नुसतंच ‘अरे देवा’. संपादकांना मात्र हवा असतो अहवाल. त्यात आधी निबंधाचा सारांश, मग गंभीर आक्षेप आणि शेवटी किरकोळ मुद्दे. या दोहोंमधलं काम नुसतं नीटनेटकं लिहून काढण्याचं आहे, असा नवख्या परीक्षकांचा समज असतो. खरं काम निवाड्याचं आहे.

या साच्यामागे एक जुना वाद आहे. 1832 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने जॉर्ज एअरी यांचा पृथ्वी आणि शुक्राच्या गतीवरचा निबंध विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक या दोघांकडे दिला. दोघांनी मिळून एकच अहवाल लिहायचा होता. ह्यूएल म्हणत, निबंधात काय साधलंय आणि त्याचं महत्त्व काय ते सांगावं. लबक यांना गणितातल्या चुका दाखवायच्या होत्या. त्यांचं काही जमलं नाही. आजच्या अहवालाने दोघांनाही जागा दिली आहे, सारांश ह्यूएल यांचा आणि आक्षेप लबक यांचे.

आता एक नमुना घेऊ. निबंध काल्पनिक आहे, त्यातले दोष मात्र नेहमी भेटणारे आहेत. जिल्हा परिषदेच्या दोन शाळा, प्रत्येकी 8 ते 11 वयाची 64 मुलं. एका शाळेत जूनपासून सहा महिने लोहयुक्त चिक्की दिली, दुसरीत दिली नाही. चिक्कीच्या शाळेत हिमोग्लोबिनची सरासरी 10.8 वरून 11.7 झाली, दुसरीत 10.9 वरून 11.3. लेखकांचा निष्कर्ष असा, की चिक्कीमुळे हिमोग्लोबिन वाढतं, ती राज्यभर द्यावी.

परीक्षकाच्या समासातले शेरे असे: ‘n = 1!!’, ‘जंताच्या गोळ्या?’, ‘राज्यभर?? दोन शाळांवरून?’, ‘तक्ता 1 मध्ये 128, तक्ता 3 मध्ये 107’, ‘ऊसतोड?’, ‘अॅनिमियाची मर्यादा 12 कुठून आणली’, ‘आकृती 2 चा अक्ष शून्यापासून नाही’, ‘यांना संख्याशास्त्र येत नाही’.

प्रत्येक शेऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: हे दुरुस्त झालं नाही, तर मुख्य निष्कर्ष टिकतो का? टिकत नसेल तर आक्षेप गंभीर. शेरा किती रागाने लिहिलाय किंवा किती पानांवर आलाय, याचा इथे संबंध नाही.

या कसोटीवर पहिले तीन शेरे एकत्र येतात, कारण त्यांचं मूळ एकच आहे. मुलं 128 असली तरी चिक्की मिळालेली शाळा एकच आणि न मिळालेलीही एकच. दोन शाळांमध्ये शिक्षक, पाणी, पोषण आहार शिजवणारे हात, सगळंच वेगळं. एकाच शाळेत त्या काळात अल्बेंडाझोलच्या गोळ्या दिल्या गेल्या असतील, तर फरक चिक्कीचा की गोळ्यांचा हे या मांडणीतून कळूच शकत नाही. अहवालात हा एकच आक्षेप होतो. तीन ठिकाणी तीनदा लिहिला तर लेखक तीन तुटक उत्तरं देतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

चौथा शेरा फसवा आहे. तक्त्यातले आकडे जुळत नाहीत म्हणजे टंकनदोष, असं समजून तो सहज किरकोळ मुद्द्यांत ढकलला जातो. पण तक्ता 3 नीट पाहिला, की कळतं की चिक्कीच्या शाळेतली 17 मुलं शेवटच्या तपासणीला नव्हती, दुसऱ्या शाळेतली फक्त 4. शेजारचाच शेरा त्याचं संभाव्य कारण सुचवतो: दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं. ही मुलं बहुधा गरीब घरांतली, रक्त आधीच कमी असलेली. समजा, त्या 17 जणांची सुरुवातीची सरासरी 9.9 होती. मग मागे उरलेल्या 47 मुलांची सरासरी चिक्की खाण्याआधीच सुमारे 11.1 निघते. म्हणजे वाढ 0.9 नव्हे, 0.6 आणि दुसऱ्या शाळेची 0.4. निष्कर्षातला बराचसा जीव इथेच जातो. ‘आकडे जुळत नाहीत’ आणि ‘ऊसतोड?’ मिळून दुसरा गंभीर आक्षेप तयार झाला.

12 च्या मर्यादेचं उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 5 ते 11 वर्षांच्या मुलांसाठीची मर्यादा 11.5 आहे, तेव्हा चूक ठळक आहे. पण लेखकांचा मुख्य दावा सरासरीवर उभा आहे, अॅनिमियाच्या टक्केवारीवर नाही. म्हणून हा मुद्दा आकृतीच्या अक्षाबरोबर किरकोळ यादीत जातो. दावा टक्केवारीवर असता, तर हाच शेरा वर चढला असता.

संख्याशास्त्राबद्दलचा शेवटचा शेरा अहवालात कुठेच जात नाही. तो माणसाबद्दल आहे, निबंधाबद्दल नाही.

आता लेखन. गंभीर आक्षेपात निबंधात कुठे काय म्हटलंय, त्यात अडचण काय, तिने निष्कर्षाचं काय होतं आणि लेखकांनी काय करावं, हे चारही यायला हवं. चौथी गोष्ट हमखास राहून जाते. ‘n = 1!!’ चं रूपांतर असं होईल: ‘विश्लेषणात प्रत्येक मूल स्वतंत्र धरलं आहे, पण चिक्की शाळेला दिली होती आणि प्रत्येक गटात शाळा एकच आहे. त्यामुळे चिक्कीचा परिणाम शाळांमधल्या इतर फरकांपासून वेगळा करता येत नाही. जंतनाशक गोळ्या व आहार यांची दोन्ही शाळांमधली माहिती द्यावी. कार्यकारण सांगणारी विधानं आणि राज्यव्यापी शिफारस शीर्षकासह सर्वत्र काढावी.’ आणखी शाळा घेऊन अभ्यास पुन्हा करा, असं सांगणं सोपं आहे. पण झालेल्या अभ्यासात नवी शाळा घालता येत नाही आणि कोणत्याही संख्याशास्त्रीय युक्तीने ही उणीव भरत नाही. मग दावा खाली आणायला सांगणं हीच रास्त मागणी. दुसऱ्या आक्षेपात मात्र ठोस काम मागता येतं: शाळा सोडून गेलेल्या मुलांचे सुरुवातीचे आकडे वेगळे द्या आणि दोन्ही तपासण्यांना हजर असलेल्या मुलांचीच तुलना करा.

सारांश अहवालात सर्वांत वर असला, तरी तो सगळ्यात शेवटी लिहावा. चार वाक्यं पुरतात: प्रश्न काय, पद्धत काय, काय सापडलं आणि निबंधाचं बळ कशात. इथे बळ आहेच. सहा महिने खेड्यातल्या शाळांमध्ये नियमित चिक्की वाटून दोनदा रक्त तपासणं सोपं नाही. सारांश लेखकांच्या शब्दांतून उचलला, तर परीक्षकाने फक्त गोषवारा वाचला असं संपादकांना वाटतं आणि पुष्कळदा ते खरं असतं.

स्वीकारावा की नाकारावा, हे मत लेखकांसाठीच्या मजकुरात लिहू नये. निर्णय संपादकांचा असतो आणि दुसऱ्या परीक्षकाचं मत वेगळं असू शकतं. त्यासाठी संपादकांना उद्देशून वेगळी, गोपनीय जागा असते. मात्र लेखकांना गोड बोलून तिथे कडू लिहिण्याची खोड काहींना असते. त्याने संपादकाची पंचाईत होते, कारण लेखकांना दाखवायला त्याच्याकडे कारणच उरत नाही.

आणि प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, किरकोळ मुद्द्यांनासुद्धा. सुधारित निबंधासोबत लेखकांना मुद्देसूद उत्तर जोडावं लागतं आणि दोन-तीन महिन्यांनी ते बाड परत बहुधा तुमच्याच टेबलावर येणार असतं.