जिंकलेल्या जाहिरातीचा सांगाडा

आमची एजन्सी चार जणांची आहे आणि त्यात लिहिणारा मी एकटाच. गिऱ्हाइकं बहुतेक घरगुती उद्योगातली: तेलघाणा, गाद्या, मसाले, एखादा दवाखाना. प्रत्येकाला फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालवायला अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओ जाहिराती हव्या असतात आणि त्या दर पंधरवड्याला नव्या लागतात, कारण तेच ते बघून लोक कंटाळतात. प्रत्येक वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली की एका स्क्रिप्टला दीड दिवस जायचा. म्हणून आम्ही चाललेल्या जाहिरातींचा संग्रह करायला घेतला.

पहिला प्रयत्न फसला. ज्या ओळींनी काम केलं होतं, त्या जशाच्या तशा एका फाइलमध्ये उतरवून ठेवल्या. तेलाच्या जाहिरातीतली ओळ मसाल्याला लावली, मसाल्याची लोणच्याला. वाचायला बऱ्या वाटायच्या, पण लोक पहिल्या दोन सेकंदांतच पुढे सरकायचे. ओळ चालली होती ती तिच्या जागी बसून काय काम करत होती त्यामुळे, आणि ते काम आम्ही कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

जाहिरातलेखनात ही गोष्ट फार जुनी आहे. अमेरिकेत जॉन केपल्स या लेखकाने 1926च्या सुमारास घरबसल्या संगीत शिकवणाऱ्या संस्थेसाठी एक मथळा लिहिला: मी पियानोपाशी बसलो तेव्हा सगळे हसले, पण मी वाजवायला लागलो आणि… ती जाहिरात तुफान चालली. मग त्याने फ्रेंच शिकवणाऱ्या अभ्यासक्रमासाठी पियानो बाजूला ठेवला आणि हॉटेलातला वेटर आणला. वेटर फ्रेंचमध्ये बोलतो, बरोबरचे गालात हसतात आणि उत्तर ऐकून थक्क होतात. शब्द, प्रसंग, विकायची वस्तू, सगळं बदललं. राहिला तो क्रम: चारचौघांत कमी लेखलं जाणं आणि त्याच जागी ते फिरणं. साचा म्हणायचं ते याला.

आता आमच्या तेलघाण्याची जाहिरात उघडून दाखवतो. ती सुरू होते कढईपासून नव्हे, बाटलीपासून. एक बाई झाकण उघडते आणि म्हणते, “घरातलं शेंगदाणा तेल नाकाजवळ धरा. शेंगदाण्याचा वास येतोय का?” पुढचं वाक्य: रिफाइंड करताना तेलाचा वास काढून टाकतात. मग घाण्यात पडणारे दाणे आणि बाजूला निघणारी पेंड, पाच-सहा सेकंद, बोलणं जवळजवळ नाहीच. त्यानंतर मालक स्वतः पैशाचं बोलतो: एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात, म्हणून हे तेल महाग. शेवटी अर्ध्या लिटरची बाटली मागवून बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘तेल’ लिहा. सगळे मिळून 70च्या आत शब्द. तीस सेकंदांत मराठी बोलणं सुखाने मावतं ते एवढंच.

हिच्यातून तेल काढून घेतलं की सांगाडा उरतो. बघणाऱ्याला त्याच्याच घरातल्या वस्तूची, आत्ताच्या आत्ता करता येईल अशी चाचणी द्या. निकाल तसा का, हे एका वाक्यात सांगा. वस्तू बनताना दाखवा. किमतीचा आक्षेप मालकाच्या तोंडून, हिशेबासकट मांडा. पहिली खरेदी छोटी ठेवा. आम्ही याला ‘घरची चाचणी’ म्हणतो. नाव असं पाहिजे की फोनवर एवढं सांगितलं तरी कॅमेरामनला काय काय शूट करायचं ते कळावं.

पण ही जाहिरात जिंकली हे ठरवायचं कशावर? मालकाला आवडली, लाइक पडले, यावर आम्ही जात नाही. दोन आकडे बघतो. जाहिरात 20,000 वेळा दिसली आणि 7,000 वेळा तीन सेकंद तरी पाहिली गेली, तर हुक 35 टक्के. हा आकडा पहिल्या वाक्याबद्दल सांगतो. दुसरा आकडा एका चौकशीमागे पडलेल्या खर्चाचा, म्हणजे पुढच्या सगळ्या वाक्यांचा. हुक चांगला आणि चौकशी महाग असेल, तर लोकांना थांबवलं पण मनवलं नाही. मग सांगाड्याचं फक्त डोकं ठेवायचं, धड टाकून द्यायचं. तुलना त्याच गिऱ्हाइकाच्या, त्याच महिन्यातल्या बाकी जाहिरातींशीच. दिवाळीच्या आठवड्यात, सवलत चालू असताना कुठलीही स्क्रिप्ट हुशार वाटते. आणि सहा चौकशा विरुद्ध नऊ चौकशा हा फरकच नव्हे. आठवड्यात पन्नासएक निकाल येईपर्यंत मेटाची यंत्रणाही आपण अजून शिकतोय असंच सांगते.

एका विजयाने साचा ठरत नाही, हा आमचा सगळ्यात उपयोगी नियम. पहिल्या विजयानंतर सांगाडा शीटमध्ये ‘उमेदवार’ म्हणून जातो. वेगळ्या धंद्यात पुन्हा चालला तरच पक्का. नाहीतर ती करामत घाण्याची असू शकते, लिखाणाची नव्हे.

‘घरची चाचणी’ची दुसरी परीक्षा गाद्यांवर झाली. जुन्या गादीत खड्डा पडलाय हे रोज झोपणाऱ्याला कळत नाही. म्हणून पहिलं वाक्य लिहिलं: “झाडूचा दांडा गादीवर आडवा ठेवा. मधे फट दिसतेय?” मग गादी दबते का याचं एक वाक्य, कापूस पिंजण्याचं दृश्य, किमतीचा हिशेब. फक्त शेवट अडला. अर्धी गादी विकता येत नाही. त्या जागी ‘आमचा माणूस घरी येऊन गादी तपासेल’ असं घातलं. लिहायला दोन तास लागले. त्यातला तासभर दुकानात बसून गिऱ्हाइकं पाठदुखीबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात ते टिपण्यात गेला. हा तास साचा वाचवू शकत नाही, वाचवूही नये. साताऱ्यातली बाई आणि अकोल्यातली बाई एकच दुखणं वेगवेगळ्या शब्दांत सांगते, आणि पहिल्या तीन सेकंदांत तिला आपलेच शब्द ऐकू यायला हवेत.

दुसऱ्यांच्या जाहिराती पाहायच्या तर मेटाची अ‍ॅड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. एखादी जाहिरात कधीपासून चालू आहे ते तिथे दिसतं. तिने किती विक्री केली ते दिसत नाही. महिनोन् महिने चालू असलेली जाहिरात हा फक्त सुगावा. सांगाडा घ्यावा, वाक्यं घेऊ नयेत.

शीटमध्ये जो रकाना मी सगळ्यात आधी वाचतो, तो ‘कुठे पडला’ हा. तो भरायचा कंटाळा येतो, कारण हरलेल्या जाहिरातीकडे परत बघावंसं वाटत नाही. ‘घरची चाचणी’समोर तिथे तीन नोंदी आहेत. क्लासची जाहिरात: घरी बसून तपासायला हाताशी वस्तूच नाही. त्याच शहरात त्याच महिन्यात दुसरं गिऱ्हाईक: लोकांनी मांडणी ओळखली, हुक उतरला. तिसरी नोंद मधाची. मधवाल्यांना हाच साचा हवा होता, कारण पाण्यात थेंब टाकायची चाचणी सगळ्यांनी ऐकलेली असते. पण तिच्यावरून मध शुद्ध की भेसळीचा हे खात्रीने कळत नाही. साच्यात ती जागा रिकामी होती आणि वाक्य अगदी फिट बसत होतं, तरी आम्ही ते लिहिलं नाही. मधपेटी उघडून पोळ्याची चौकट बाहेर काढतानाचं दृश्य घेऊन नवी स्क्रिप्ट केली. तिला पुन्हा दीड दिवस लागला. ती आता उमेदवारांच्या यादीत आहे.