फेडोरा की ट्रिल्बी?

फेडोरा म्हणून विकली जाणारी हॅट बऱ्याचदा ट्रिल्बी निघते. दोन्हींचा माथा वरून खोलगट, पुढून चिमटलेला. फसगत होते ती तिथेच. बघायची ती कड. फेडोराची कड साधारण अडीच इंच किंवा त्याहून रुंद असते. इंडियाना जोन्सची आठवा, डोळ्यांवर सावली पडते. ट्रिल्बीची दोन इंचांहून कमी आणि मागे झटकन वर वळलेली. उन्हात ती कुचकामीच! बकेट हॅट कापडी. तिची शिवलेली कड चहूबाजूंनी खाली उतरते. चे गव्हेराच्या बेरेला कडच नाही, नुसती मऊ लोकरी चकती. फ्लॅट कॅपला फक्त पुढे आखूड, कडक झाप असते आणि माथ्याचं कापड तिच्यावर ओढून बसवलेलं असतं. ऑनलाइन घेताना नावावर जाऊ नका, कडेचं माप विचारा.