मास्कची भोकं बुजवू नका

शेजारच्या काकांचं घोरणं भिंतीपलीकडे माझ्या घरात ऐकू यायचं. काकूंची झोप मात्र घोरणं थांबलं की उडायची. काकांची छाती हलायची, पण श्वास यायचा नाही. काकू अंधारात आकडे मोजायच्या. वीस-पंचवीस झाले की काका दचकून मोठा श्वास ओढायचे.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि काहींची श्वासाची वाट पार मिटते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. तपासणीत काकांचा श्वास तासाला ३४ वेळा अडत किंवा उथळ होत असल्याचं दिसलं. ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे आजार तीव्र. डॉक्टरांनी सीपॅप मशीन सांगितलं. त्याची हवा मास्कमधून घशात जाते आणि ती वाट मिटू देत नाही.

पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मी ती मराठीत लिहून दिली. ‘प्रेशर हळूहळू वाढेल’ हे वाचून काकांनी मास्कच बाजूला ठेवला. त्यांच्या घरात प्रेशर म्हणजे बीपी! मी तिथे ‘हवेचा जोर’ असं केलं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. ‘मास्कमधून हवा गळू देऊ नका,’ असं मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू म्हणाल्या, “अगं, पुढच्या बारीक भोकांतून सारखी हवा फुसफुसत होती. आत्ताच चिकटपट्टी लावली.” मी धावत जाऊन ती काढली. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजली तर तीच वापरलेली हवा पुन्हा छातीत जाते आणि कार्बन डायऑक्साइड साचतो.

खरी गळती मास्कच्या कडेनं होते. काकांच्या डोळ्यांवर वारा लागायचा, सकाळी डोळे कोरडे पडायचे. काकूंनी पट्टे आवळले, तर नाकावर लाल वळ उठला आणि गळती वाढली. कारण कवळीत सापडलं. मास्क बसवताना काका खुर्चीत होते, तोंडात कवळी होती. रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कची कड उचलली जाते.

मग आम्ही कवळी काढून काकांना आडवं केलं, मशीन चालू केलं, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून परत टेकू दिला, पट्टे सैल केले. काकूंनी कडेनं हात फिरवून पाहिला. वारा लागला नाही.

नवा कागद काकूंनीच स्वतःच्या शब्दांत लिहिला आणि उशाशी लावला: ‘पुढून येते ती सोडलेली हवा, येऊ द्यावी. डोळ्यांत येते ती गळकी, मास्क नीट बसवावा. लाइट गेली तर मास्क काढावा.’