प्रश्नाखाली पान क्रमांक लिही

सेमिनारच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं दोन प्रश्न लिहून द्यायचे, असा आमच्या एम.ए.च्या वर्गाचा शिरस्ता आहे. त्या आठवड्याचं वाचन होतं जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेलं निवेदन. एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘फुल्यांचे शैक्षणिक विचार आजही प्रासंगिक आहेत का?’ सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या आणि चर्चा तिथेच संपली. त्यानंतर तिला लिहिलेल्या पत्रातला बराचसा भाग इथे देते.

“तू निवेदन मन लावून वाचलं होतंस, हे तुझ्या बोलण्यावरून कळत होतं. प्रश्नात मात्र ते उतरलं नाही. ज्यानं निवेदन उघडलंही नाही, तोही तुझ्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलू शकेल. फुल्यांच्या जागी आगरकरांचं नाव घालून बघ. प्रश्न तसाच चालतो. सैल प्रश्न मी या दोन खुणांनी ओळखते.

शिक्षकांबद्दलचा भाग खटकला, असं तू नंतर जिन्यात मला म्हणालीस. खरा प्रश्न तिथे होता. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, असं फुले म्हणतात. असे शिक्षक लोकांत मोकळेपणानं मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ब्राह्मण शिक्षक मात्र सोवळ्यापायी अंतर राखतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला किमान १२ रुपये पगार असावा, अशीही मागणी आहे. मग असं विचार: ‘फुल्यांचा आक्षेप शिक्षकाच्या जातीवर आहे की वागण्यावर? प्रशिक्षित आणि मिळूनमिसळून वागणारा ब्राह्मण शिक्षक त्यांना चालला असता का? निवेदनातल्या कोणत्या वाक्यावरून तसं म्हणता येतं?’ आता वर्गात दोन बाजू पडतील आणि दोघांनाही मजकूर उघडावाच लागेल. कुणी म्हणेल, १८४८ ची त्यांची मुलींची शाळा तर भिड्यांच्या वाड्यात भरली. मुद्दा चांगला आहे, पण तो निवेदनाबाहेरचा. त्यानं वाद सुटत नाही.

अती नेमकेपणाही नको. ‘फुल्यांनी किती पगार मागितला?’ याला एकच उत्तर आहे, ते दिलं की बोलणं संपलं.

‘आज’ हा शब्द तुला सोडवत नसेल, तर आजची एक वस्तू शेजारी ठेव. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शिक्षकाची पात्रता ठरवतो आणि दुर्बल घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये असं बजावतो, पण शिक्षक कोणत्या समाजातून यावा याबद्दल बोलत नाही. शिक्षकाच्या समाजावरून फुले जे साधू पाहत होते, ते नियमानं साधतं का? ‘प्रासंगिक’ या शब्दाच्या पोटात तुला बहुधा हेच विचारायचं होतं.

पुढच्या वेळी दोनऐवजी एकच प्रश्न आण. त्याखाली पान क्रमांक लिही आणि तुझं स्वतःचं उत्तर दोन ओळींत मांड. ते लिहिताना हात कुठेच अडला नाही, तर प्रश्न पुन्हा लिही.”