लोखंड एकीकडे झिजते, गंज दुसरीकडे दिसतो

पन्हळी पत्र्याच्या छपरावर गंज सगळ्यात आधी कुठे दिसतो? उघड्या, सपाट भागावर क्वचितच. तो दिसतो जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढलेले असतात, जिथे वायसरखाली ओल राहते, जिथे पालापाचोळा साचतो. म्हणजे जिथे हवा धड पोहोचतच नाही तिथे. गंजायला तर हवेतला ऑक्सिजन लागतो! मग हे उलटे कसे?

या कोड्याचे उत्तर केंब्रिजचे धातुशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात एका थेंबात दाखवले. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन रसायने होती. पोटॅशियम फेरिसायनाइड लोखंड विरघळते तिथे निळे होते, तर फिनॉल्फ्थॅलीन अल्कली तयार होते तिथे गुलाबी. सुरुवातीला थेंबभर दोन्ही रंगांचे ठिपके उमटतात. मग हळूहळू मधला भाग निळा होतो, कडेला गुलाबी कडे तयार होते आणि दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचे वर्तुळ उमटते.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोहोचतो. मध्यभागी त्याची टंचाई. लोखंड विरघळते ते मध्यभागी. तिथला प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. हे इलेक्ट्रॉन लोखंडातूनच कडेपर्यंत जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड बनवतात. विरघळलेले लोखंड आणि हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, त्यांना आणखी ऑक्सिजन मिळतो आणि गंज तयार होतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मध्य हे धनाग्र आणि कड हे ऋणाग्र. धातूतून इलेक्ट्रॉन वाहतात, पाण्यातून आयन, आणि सर्किट पूर्ण होते. मीठ पाण्याची वाहकता वाढवते, म्हणून किनाऱ्यावर हा कारभार जोरात चालतो. वायसरखालचा, पानांखालचा कोपरा म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभागच. झीज तिथे, ऑक्सिजन बाहेर.

आता या सर्किटमध्ये जस्त आणले की काय होते? जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले आणि वर ओलावा असला, की धनाग्राची जागा जस्त घेते. लोखंड आपोआप ऋणाग्र होते. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन येत राहतात, म्हणून त्याला विरघळावे लागत नाही. पत्र्यावर ओरखडा पडून पोलाद उघडे पडले तरी आजूबाजूचे जस्त झिजून त्याला सांभाळते. रंगाला हे जमत नाही. कथिलाला तर मुळीच नाही, कारण ते लोखंडापेक्षा कमी उत्सुक. तेलाच्या डब्याच्या कथिलाला ओरखडा पडला, की तिथले लोखंड उलट वेगाने गंजते.

पण जस्ताचा हात फार लांब पोहोचत नाही. पावसाच्या पातळ थराखाली दोन-तीन मिलिमीटर रुंदीची जखम सांभाळली जाते, त्याहून मोठी नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून जाते. ग्राइंडरने पत्रा कापताना उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उठतात. अनेकजण दुकानदाराला दोष देतात, पण ते कण पत्र्याचे असले तरी ठिपके मुलाम्याच्या दोषाचे नसतात. वेळीच झाडून टाकले की प्रश्न मिटतो.

मुलामा टिकतो किती, हे गणिताने काढता येते. 120 जीएसएमचा पत्रा म्हणजे एका चौरस मीटरवर, दोन्ही बाजू मिळून, 120 ग्रॅम जस्त. म्हणजे एका बाजूला 60 ग्रॅम, जाडी सुमारे साडेआठ मायक्रॉन. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ हवेत जस्त वर्षाला साधारण एक मायक्रॉन झिजते. त्या हिशेबाने आठ वर्षे. समुद्राच्या खारट वाऱ्यात ही झीज चार ते आठ मायक्रॉनपर्यंत जाते आणि तोच मुलामा एक-दोन वर्षांत संपतो. 275 जीएसएमला एका बाजूला सुमारे 19 मायक्रॉन मिळतात. जस्त हवेत स्वतःवर कार्बोनेटचे संरक्षक आवरण चढवते, म्हणून हा वेग इतका कमी राहतो. ओले पत्रे एकावर एक रचून ठेवले, तर हवेअभावी हे आवरण तयार होत नाही आणि पांढरी भुकटी येते.

पांढरे डाग दिसले तर जस्त खर्च होते आहे. तांबूस पसरू लागले तर त्या जागी ते संपले आहे. पत्रा घेताना दुकानदार जाडी सांगतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी त्याबरोबर जीएसएमही विचारावा आणि भोके, कापलेल्या कडा यांना जस्तयुक्त रंग पावसाळ्याआधी लावून घ्यावा.