निकालपत्रातला संदर्भ कसा वाचायचा?

सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे आता कुणालाही न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. अटक, भाडेकरार, पोटगी, निवृत्तिवेतन अशा विषयांवरचे निकाल सामान्य माणसे शोधून वाचतातही. पण वाचता वाचता मध्येच पुढच्यासारखी एखादी ओळ येते आणि बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात.

D.K. Basu v. State of W.B., (1997) 1 SCC 416

ही ओळ सोडून देण्यासारखी नाही. आपण असे का ठरवतो आहोत आणि कोणता आधीचा निकाल आपल्याला बांधतो, हे न्यायाधीश अशाच ओळींतून सांगत असतात. म्हणून ही एकच ओळ सावकाश उलगडून पाहू.

पहिला भाग पक्षकारांच्या नावांचा. मधला v. किंवा vs म्हणजे ‘विरुद्ध’. मराठी कागदपत्रांत तो ‘वि.’ असा दिसतो. ज्याने त्या न्यायालयात दाद मागितली त्याचे नाव सहसा आधी येते आणि ज्याच्याविरुद्ध मागितली त्याचे नंतर. आधी नाव असलेला जिंकला किंवा तोच पीडित होता, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सत्र न्यायालयातला ‘महाराष्ट्र राज्य वि. आरोपी’ हा खटला शिक्षेनंतर आरोपीने अपिलात नेला, की तिथे ‘आरोपी वि. महाराष्ट्र राज्य’ होतो. बसू यांना तर अटक झालेलीच नव्हती. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचे ते कार्याध्यक्ष होते. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र त्यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले. नावांपुढे Anr. असेल तर त्या बाजूला आणखी एक पक्षकार आहे आणि Ors. असेल तर आणखी अनेक.

दुसरा भाग हा निकाल कुठे छापला आहे त्याचा पत्ता. SCC म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निकालांची ग्रंथमाला. १९९७ सालचा पहिला खंड आणि त्यातले पान ४१६, असा या आकड्यांचा अर्थ. हे पान निकाल जिथे सुरू होतो ते असते. नेमका मुद्दा कुठे आहे हे सांगायचे असेल तर पुढे परिच्छेदाचा क्रमांक देतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कंसातले वर्ष छपाईच्या खंडाचे असते, निकालाचे असेलच असे नाही. बसू प्रकरणाचा निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. संकेतस्थळावर निकालाच्या तारखेने शोधताना १९९७ साल टाकले, तर तो सापडणार नाही.

याच निकालाचा दुसरा पत्ता AIR 1997 SC 610 असा आहे. AIR म्हणजे नागपुरातून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’. पत्ते दोन असले तरी निकाल एकच. पान क्रमांक मात्र एका मालेचा दुसरीत चालत नाही आणि परिच्छेदांचे क्रमांकही कधी कधी वेगळे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून स्वतःचे तटस्थ क्रमांक द्यायला सुरुवात केली, ती हाच घोळ टाळण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात वर्षानंतर INSC ही अक्षरे येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात BHC येते.

आता AIR च्या पत्त्यातली SC ही दोन अक्षरे पाहा. ती म्हणजे सर्वोच्च न्यायालय, आणि संदर्भाचे वजन तिथेच कळते. घटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्याच जागी Bom असेल तर निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खालच्या न्यायालयांना तो पाळावा लागतो. Del किंवा Mad असेल तर तो दिल्लीचा किंवा मद्रासचा. आपल्याकडचे न्यायालय त्याचा विचार करील, पण तो मानायलाच हवा असे नाही. जुन्या संदर्भांत PC दिसले, तर तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल समजावा. मात्र SC चा अर्थ जागेवरून ठरवायचा. आरक्षणाच्या निकालात SC/ST असे आले, तर तिथे अनुसूचित जाती अभिप्रेत असतात.

एकदा पूर्ण पत्ता दिला की न्यायाधीश तो पुन्हा लिहीत नाहीत. पुढे फक्त ‘डी. के. बसू’ लिहून कंसात supra टाकतात. सुप्रा म्हणजे वर कुठेतरी उल्लेख आला आहे. मागे जाऊन त्या नावाचा पूर्ण पत्ता शोधायचा. infra म्हणजे पुढे येणार आहे. ibid. म्हणजे इबिड, आणि तो तळटीपांत जास्त भेटतो. त्याचा अर्थ ‘लगेच आधीच्याच टिपेतला ग्रंथ किंवा निकाल’, आणि चूक होते ती इथेच. समजा सातव्या टिपेत बसू निकाल आहे, आठवीत इबिड आहे, नववीत विधी आयोगाचा अहवाल आणि दहावीत पुन्हा इबिड. आठवीतला इबिड बसू निकालाकडे नेतो, दहावीतला अहवालाकडे. मसुद्यात ऐनवेळी एखादी टीप मध्ये घुसवली, की पुढचा इबिड नकळत चुकीच्या ठिकाणी बोट दाखवू लागतो. इबिडपुढचा परिच्छेद क्रमांक त्या ग्रंथात नसेल किंवा तिथे भलताच विषय निघाला, तर असे काही झाले असावे असे समजून एक टीप आणखी मागे पाहावे.

viz. मात्र पत्ता सांगत नाही. व्हिज म्हणजे ‘म्हणजेच पुढीलप्रमाणे’. अटकेचा पंचनामा करताना दोन गोष्टी हव्यात, व्हिज, एका साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याची प्रतिसही, असे वाक्य असेल तर यादी सहसा पूर्ण असते. तिसरी गोष्ट आपण त्यात घालायची नाही. त्याच जागी e.g. असते तर ती फक्त उदाहरणे ठरली असती आणि यादी पुढे वाढवता आली असती. i.e. आले तर यादी नसते, आधीच्याच शब्दाचा खुलासा असतो.

एवढे वाचता आले तरी दोन गोष्टी संदर्भाच्या ओळीतून कळत नाहीत. पहिली म्हणजे तो निकाल कोण पुढे करते आहे. ‘वकिलांनी बसू निकालाचा आधार घेतला’ एवढेच वाक्य असेल, तर तो अजून वकिलांचा युक्तिवाद आहे. न्यायालयाने तो स्वीकारला की या प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी आहे म्हणून बाजूला ठेवला, हे पुढच्या परिच्छेदांत पाहावे लागते. पुष्कळ लोक युक्तिवादाचा उतारा न्यायालयाचे मत म्हणून पुढे पाठवतात.

दुसरी म्हणजे त्या निकालाचे पुढे काय झाले. बसू निकालाने अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या काही, जसे पोलिसाच्या नावाची स्पष्ट पट्टी, साक्षीदाराची सही असलेला अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकाला कळवणे, नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-ब मध्ये आल्या. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ ने घेतली आहे. म्हणजे आज पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात हा मुद्दा मांडताना बसू निकालाबरोबर कलम ३६ ही दाखवायला हवे. नुसता १९९७ चा पत्ता पुढे केला, तर निम्मेच सांगितले असे होईल.